‘वार्याने’ की ‘वाऱ्याने’? एका वाक्यातली जोडाक्षरे आणि अनुस्वार

किनारपट्टीवर वादळ येऊन गेले की नुकसानभरपाईच्या अर्जांची धावपळ सुरू होते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते कोकणाला घासून गेले. त्या दोन्ही वेळी श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंत गावोगावी अर्ज, निवेदने आणि फलक मराठीतून लिहिले गेले, आणि त्यांतले पुष्कळसे मोबाईलवर टंकलेले होते. अशा मजकुरात पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या चुका एकत्र करून नमुन्यासाठी एक वाक्य तयार केले आहे:

“वादळी वार्याने किनार्यावरील कांही होड्या उध्वस्त झाल्या, कोळी बांधवाना मदत मिळावी.”

हे वाक्य वाचताना कोणीही अडखळत नाही, अर्थही लगेच कळतो. तरी प्रमाण मराठीच्या दृष्टीने त्यातल्या अकरा शब्दांपैकी पाच शब्द चुकलेले आहेत: तीन जोडाक्षरांमुळे आणि दोन अनुस्वारामुळे. बहुतेकांना या वाक्यात ‘काहीतरी खटकते’ आहे एवढे जाणवते, पण नेमके काय आणि का, हे सांगता येत नाही. ते सांगता यावे यासाठी पाचही शब्द एकेक करून तपासू.

तपासायचे म्हणजे नेमके काय करायचे?

दोन किंवा अधिक व्यंजने मध्ये स्वर न येता एकमेकांना चिकटली की जोडाक्षर होते, आणि अक्षराच्या डोक्यावरचे टिंब म्हणजे अनुस्वार. जोडाक्षराची तपासणी त्याच्या आकारावरून करू नये, कारण एकच जोडाक्षर वेगवेगळ्या ठशांत वेगळे दिसते. ‘द्ध’ कुठे एकमेकांत गुंतलेले दिसेल, तर कुठे पाय मोडलेला द आणि त्याच्यापुढे सुटा ध असा दिसेल. हे दोन्ही बरोबर आहेत. पाहायचे ते एवढेच की जोडाक्षरात कोणती व्यंजने आहेत आणि ती कोणत्या क्रमाने आहेत. अनुस्वाराच्या बाबतीत प्रश्न आणखी साधा आहे: हे टिंब इथे कशासाठी आले आहे? त्याचे कारण सांगता आले तर टिंब ठेवावे, नाहीतर काढावे. आणि कारण असून टिंब नसेल तर द्यावे.

टिंबाची ही कारणे मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांत दिलेली आहेत. त्यांतल्या पहिल्या १४ नियमांना महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये मान्यता दिली आणि १९७२ मध्ये आणखी ४ नियमांची भर पडली. शाळा, सरकारी कचेऱ्या आणि पाठ्यपुस्तके आजही याच १८ नियमांवर चालतात. सुरुवातीचे नियम अनुस्वाराचेच आहेत, आणि आपल्या वाक्यासाठी ते पुरेसे आहेत.

‘वार्याने’ आणि ‘किनार्यावरील’: र कुठे आहे?

या दोन शब्दांत चूक एकच आहे, आणि मोबाईलवरच्या मराठीत बहुधा हीच सर्वांत जास्त आढळते. र हे व्यंजन य ला दोन तऱ्हांनी जोडले जाते. ‘सूर्य’ या शब्दात र चा रफार होऊन तो य च्या डोक्यावर बसतो. ‘वाऱ्याने’ या शब्दात तोच र एका छोट्या आडव्या वळणासारखा य च्या डाव्या बाजूला येतो. हा फरक केवळ लिहिण्याच्या हौसेचा नाही, उच्चाराचा आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा, हे दोन शब्द मोठ्याने म्हणून पाहावेत. ‘दर्या’ म्हणताना र् आधीच्या द ला जाऊन मिळतो, द वर आघात येतो आणि शब्द ‘दर्-या’ असा तुटतो. ‘दऱ्या’ म्हणताना द मोकळा राहतो आणि र् पुढच्या य बरोबर जातो, म्हणजे ‘द-ऱ्या’. धक्क्यावरून होडीत चढणाऱ्या माणसाचा एक पाय धक्क्यावर आणि एक होडीत असतो, तेव्हा अंगाचा भार कोणत्या पायावर आहे यावरून तो अजून धक्क्यावर आहे की होडीत गेला आहे हे ठरते. या दोन र चेही तसेच आहे.

मग ‘वाऱ्याने’ लिहिताना इतका गोंधळ का होतो? कारण ‘वा’ हे अक्षर मुळातच दीर्घ आहे. ऱ्हस्व द वर आलेला आघात कानाला चटकन कळतो; दीर्घ ‘वा’ वर तो आला काय आणि न आला काय, फरक पुसटसाच ऐकू येतो. त्यामुळे इथे कानावर विसंबू नये, मूळ शब्द पाहावा. विभक्तीचा प्रत्यय किंवा अनेकवचन लागण्याआधीच्या मूळ रूपात र सुटा, स्वरासह उभा असेल, तर पुढे ‘ऱ्य’ होते. वारा, किनारा, दरी, शेतकरी, खारा, दुसरा या सर्वांत र सुटा आहे. म्हणून वाऱ्याने, किनाऱ्यावर, दऱ्यांत, शेतकऱ्याला, खाऱ्या पाण्यात, दुसऱ्या दिवशी. उलट मूळ शब्दातच र आणि य जोडलेले असतील, तर रफार कायम राहतो. सूर्य, कार्य, आचार्य, पर्यटक आणि आपला दर्या हे असे शब्द आहेत. म्हणून सूर्याने, कार्याला, पर्यटकांना, दर्यात. आचार्य आणि आचारी यांची जोडी या नियमाची चांगली परीक्षा घेते: ‘आचार्यांना’ दक्षिणा दिली तर ती गुरूंना मिळते, ‘आचाऱ्यांना’ दिली तर स्वयंपाक करणाऱ्यांना.

ह च्या आधीही असाच आडवा र येतो: कुऱ्हाड, वऱ्हाड, गुऱ्हाळ, तऱ्हा. संस्कृतातून जशाच्या तशा आलेल्या ‘अर्हता’ सारख्या शब्दांत मात्र रफारच असतो.

म्हणून आपल्या वाक्यात ‘वारा’ आणि ‘किनारा’ ही मूळ रूपे धरून ‘वाऱ्याने’ आणि ‘किनाऱ्यावरील’ असे लिहायला हवे.

मग मोबाईल चुकीचे का लिहितो?

मोबाईल आपल्या मनाने चुकीचे लिहीत नाही; त्याला जी चिन्हे ज्या क्रमाने मिळतात तीच तो दाखवतो. संगणकाच्या दृष्टीने जोडाक्षर हे एक अक्षर नसून सुट्या चिन्हांची रांग असते. युनिकोड या जागतिक संकेतानुसार प्रत्येक चिन्हाला क्रमांक असतो, आणि पाय मोडण्यासाठी वेगळे चिन्ह असते. साधा र, पायमोड आणि य अशी रांग मिळाली की संगणक रफारच काढणार. आडवा र हवा असेल तर तो मिळवण्याचे दोन मार्ग आहेत.

```
वार्याने   र U+0930  ् U+094D  य U+092F
वाऱ्याने   ऱ U+0931  ् U+094D  य U+092F
वार्‍याने   र U+0930  ् U+094D  U+200D  य U+092F
```

पहिली ओळ ही आपली चूक आहे. दुसऱ्या ओळीत साध्या र ऐवजी खाली टिंब असलेला ऱ वापरला आहे. हे टिंब जोडाक्षर झाल्यावर दिसत नाही. इन्स्क्रिप्ट कळफलकावर साधा र ज्या कळीवर आहे, तीच कळ शिफ्टसह दाबली की ऱ उमटतो. मोबाईलच्या पुष्कळ कळफलकांवर र वर बोट दाबून धरले की तो सापडतो. तिसऱ्या ओळीत र साधाच आहे, पण पायमोडीनंतर U+200D हे न दिसणारे जोडचिन्ह घातले आहे, आणि त्यामुळे र आडवा होतो.

दुसरी आणि तिसरी ओळ पडद्यावर सारखीच दिसते, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. एका पद्धतीने लिहिलेला ‘किनाऱ्यावरील’ दुसऱ्या पद्धतीने शोधला तर काही ठिकाणी सापडतच नाही. त्यातही तिसऱ्या ओळीला एक खरा धोका आहे. काही संगणक प्रणाली मजकूर साठवताना न दिसणारी चिन्हे गाळून टाकतात, आणि जोडचिन्ह गळले की उरते ती पहिली ओळ. म्हणजे अर्जदाराने बरोबर लिहिलेला ‘वाऱ्याने’ साठवणुकीत जाऊन ‘वार्याने’ होऊ शकतो. म्हणून माझा कल स्पष्टपणे दुसऱ्या मार्गाकडे आहे.

‘उध्वस्त’: इथे एक व्यंजन हरवले आहे

हा शब्द ‘उद्’ आणि ‘ध्वस्त’ या दोन तुकड्यांचा आहे. ध्वस्त म्हणजे नाश पावलेले, आणि त्याच्या आधी ‘उद्’ हा उपसर्ग लागला आहे. म्हणून द्, मग ध्, मग व, अशी तीन व्यंजने या जोडाक्षरात हवीत: उद्ध्वस्त. ‘उध्वस्त’ मध्ये उपसर्गाचा द् बुडाला आहे. घाईत बोलताना द् आणि ध् एकमेकांत मिसळतात आणि कानाला एकच ध ऐकू येतो, त्यामुळे ही चूक भल्याभल्यांच्या लिखाणात दिसते.

तीन व्यंजने आहेत हे समजले तरी क्रमाचा प्रश्न उरतो, आणि इथे एक जुनी सवय आड येते. फलकांवर आणि जुन्या टंकलिखित कागदांवर ‘शुध्द’, ‘युध्द’, ‘प्रसिध्द’ अशी रूपे सर्रास दिसतात. टंकयंत्रावर अर्धा ध आणि त्याच्यापुढे पूर्ण द उमटवणे सोपे होते, म्हणून ते रूप डोळ्यांत बसले. पण उच्चारात आधी द् येतो आणि मग ध. एकाच वर्गातला साधा आणि त्याचा जोराचा उच्चार जोडला जातो तेव्हा साधा आधी येतो आणि जोराचा नंतर: द्ध, त्थ, च्छ. ध् नंतर द असा उच्चार करून पाहिला तर जीभच अडखळते. म्हणून शुद्ध, युद्ध, प्रसिद्ध हेच बरोबर. आणि ‘शुध्दलेखन’ अशी पाटी लावून त्याचे वर्ग घेणारेही आहेत, त्यांना काय म्हणावे! ‘उद्ध्वस्त’ लिहितानाही हाच क्रम पाळायचा.

मोबाईलवर हा शब्द बरोबर टंकला गेला आहे का, हे पाहण्याचा सोपा उपाय म्हणजे शब्दाच्या शेवटी जाऊन मागे खोडत येणे. बहुतेक ठिकाणी एका दाबाला एक चिन्ह पुसले जाते. ‘उद्ध्वस्त’ पूर्ण पुसायला नऊ दाब लागतात, कारण त्यात उ, द, पायमोड, ध, पायमोड, व, स, पायमोड आणि त अशी नऊ चिन्हे आहेत. ‘उध्वस्त’ सात दाबांतच संपतो. जी दोन कमी पडली ती म्हणजे हरवलेला द आणि त्याची पायमोड.

याच कुळातला ‘उद्घाटन’ हा शब्दही किनाऱ्यावरच्या फलकांवर नेहमी घात करतो. तो ‘उद्’ अधिक ‘घाटन’ आहे, त्यामुळे द् नंतर घ हवा. लहान ठशात घ आणि ध सारखे दिसतात, आणि नव्या जेट्टीच्या ‘उद्धाटनाचा’ फलक झळकतो.

‘कांही’: या टिंबाला कारण नाही

आता अनुस्वार. ‘कांही’ मधले टिंब आजोबांच्या पिढीच्या पत्रांत नेमाने दिसते, तसेच ‘नांव’, ‘पांच’, ‘घरें’, ‘केलें’ यांतलेही. त्या काळी ते बरोबरच होते. त्यांतली काही टिंबे शब्दाचा इतिहास सांगत: पाच हा ‘पञ्च’ पासून आला आणि नाव ‘नाम’ पासून, म्हणून तिथे नाकातल्या उच्चाराची खूण ठेवली जाई. प्रमाण मराठीच्या उच्चारात तो नाकातला स्वर उरला नाही, आणि महामंडळाच्या नियमांनी ठरवले की व्युत्पत्तीने सिद्ध होणारे किंवा न होणारे असे अनुस्वार यापुढे देऊ नयेत. टिंब स्पष्टपणे उच्चारले जात असेल किंवा व्याकरणाने मागितले असेल, तरच द्यायचे. ‘काही’ मध्ये या दोन्ही गोष्टी नाहीत.

या नियमामुळे एक सोयही गेली, हे मान्य केले पाहिजे. पूर्वी ‘नांव’ म्हणजे माणसाचे किंवा वस्तूचे, आणि ‘नाव’ म्हणजे होडी, असा भेद लिहून दाखवता येई. आता ‘नावेचे नाव’ असे लिहावे लागते आणि अर्थ संदर्भावरून घ्यावा लागतो.

‘बांधवाना’: एका शब्दात दोन टिंबे, दोन कारणे

‘बांधवांना’ या शब्दावर दोन टिंबे हवीत आणि दोन्हींची कारणे वेगळी आहेत. पहिले टिंब ‘बां’ वर आहे. ते उच्चारासाठी आहे: पुढे ध आहे, ध हा त वर्गातला, आणि त्या वर्गाचे अनुनासिक न. म्हणून उच्चार ‘बान्धव’ असा होतो. हा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणजे तत्सम असल्यामुळे ‘बान्धव’ असेही लिहिता येते; नियमांत त्याला मुभा आहे. अट एवढीच की पुढच्या अक्षराच्या वर्गातलेच अनुनासिक वापरावे. आंबा, खांब, बंदर असे शब्द तत्सम नाहीत, तिथे टिंबच द्यावे. आणि पुढे य, र, ल, व, श, ष, स किंवा ह असेल, तर तत्सम शब्दातही फक्त टिंब: संरक्षण, संवर्धन, अंश, सिंह.

दुसरे टिंब ‘वां’ वर हवे, आणि आपल्या वाक्यात नेमके तेच गळले आहे. ते व्याकरणाचे आहे. नामाला प्रत्यय लागण्याआधी त्याचे जे बदललेले रूप होते त्याला सामान्यरूप म्हणतात, आणि अनेकवचनी सामान्यरूपावर अनुस्वार द्यावा असा नियम आहे. बांधव अनेक आहेत, म्हणून ‘बांधवांना’. इथे एक शंका रास्त आहे: ‘ना’ हा प्रत्यय अनेकवचनाचाच आहे, एकवचनात ‘बांधवाला’ होईल, मग टिंब वेगळे कशाला? ‘ना’ पुरते पाहिले तर टिंब न दिल्याने अर्थ बदलत नाही हे खरे आहे. पण प्रत्यय बदलला की बदलतो. ‘बुडालेल्या खलाशाच्या वारसांना’ मदत म्हणजे एक खलाशी बुडाला. ‘बुडालेल्या खलाशांच्या वारसांना’ म्हणजे अनेक. अर्जात हा फरक एका टिंबावर उभा आहे. ‘कोळ्याचे जाळे’ आणि ‘कोळ्यांचे जाळे’ यांतही जाळे एकाचे की साऱ्यांचे, हे टिंबच सांगते.

आदरार्थी बहुवचनातही हे टिंब लागते. ज्यांच्याकडे अर्ज जातो त्या अधिकाऱ्यांचा उल्लेख ‘तहसीलदारांनी पाहणी केली’ असा करायचा. ‘सरपंचाचा दाखला’ असे लिहिले तर सरपंचांना एकेरी संबोधल्यासारखे होते.

“पण आमच्याकडे नाकातच बोलतात”

सिंधुदुर्गातले वाचक इथे हटकतील, आणि ते योग्यच आहे. मालवणीत ‘खंय’, ‘थंय’, ‘माजां’ हे शब्द खरोखर नाकातूनच उच्चारले जातात. मग ते टिंब काढायचे का? मुळीच नाही. ‘स्पष्ट उच्चारलेले अनुनासिक लिहावे’ हा नियमांचा पाया मालवणी लिहितानाही लागू करता येतो: जे उच्चारले जाते ते लिहायचे. ‘कांही’ चे टिंब काढायचे ते प्रमाण मराठीच्या वाक्यातून, कारण तिथे ते उच्चारले जात नाही. एकाच अर्जात तलाठ्यांसाठीचा मजकूर प्रमाण मराठीत आणि आजीचे म्हणणे मालवणीत आले, तर दोन्हींना आपापली टिंबे मिळतील. प्रमाण मराठीतही बोलण्याची भाषा लिहिताना ‘झालं’, ‘गेलं’, ‘सांगितलं’ असे टिंब देण्याची रीत आहे. औपचारिक लेखनात मात्र झाले, गेले, सांगितले.

“मोबाईल सुचवतो तेच घेतले तर?”

शब्द सुचवणारी यादी लोक वारंवार जे लिहितात त्यावरून बनत जाते, आणि ‘उध्वस्त’ लोक वारंवार लिहितात. त्यामुळे यादीत शब्द आहे एवढ्यावरून तो बरोबर ठरत नाही. यादीचा उपयोग टंकायचा वेळ वाचवण्यापुरता करावा. शंका आली तर मूळ शब्द काय आणि टिंबाचे कारण काय, हे दोन प्रश्न स्वतःच विचारावेत.

न चुकलेले शब्दही याच रीतीने पडताळता येतात. ‘होड्या’ मध्ये होडी या शब्दातल्या ई चा य होऊन ड् ला जोडला आहे, ते बरोबर आहे. ‘झाल्या’ मधला ल्य ठीक आहे. ‘कोळी बांधवांना’ मध्ये ‘कोळी’ ला प्रत्यय लागलेला नाही, म्हणून तिथे टिंबाचा प्रश्नच येत नाही. दुरुस्त वाक्य असे होते:

“वादळी वाऱ्याने किनाऱ्यावरील काही होड्या उद्ध्वस्त झाल्या, कोळी बांधवांना मदत मिळावी.”

विशेषनामांना हात लावू नये

हे सारे नियम सामान्य शब्दांसाठी आहेत. माणसाचे आडनाव आणि होडीचे नोंदवलेले नाव यांना ते लावू नयेत. समजा नोंदणीच्या कागदावर होडीचे नाव ‘हिन्दमाता’ असे आहे. ‘हिंदमाता’ हे रूपही बरोबरच आहे, वाचणाऱ्याला दोन्हींत फरक वाटणार नाही, पण शोधयंत्राला ती दोन वेगळी नावे वाटू शकतात, आणि नाव जुळले नाही की अर्ज पुन्हा फिरून येतो. म्हणून अर्जातला बाकी मजकूर वरच्या रीतीने तपासावा आणि नाव मात्र नोंदणीच्या कागदावर जसे आहे तसेच, त्यातल्या टिंबासह किंवा टिंबाविना, उतरवून घ्यावे.